अ‍ॅपमधला आकडा आणि आपलं शरीर

नमस्कार श्रोतेहो. वजन हळूहळू उतरवायचं म्हणून आपण फोनवर अ‍ॅप घेतो. वय, उंची, वजन भरलं की ते लगेच सांगतं, रोज इतक्या कॅलरी खा. आज याच आकड्याविषयी बोलू या. चार आठवडे नेटाने नोंदी करूनही काटा हलत नाही, तेव्हा चूक बहुधा या आकड्याच्या आजूबाजूलाच सापडते.

समजा, एक बाई आहेत. वय 40, वजन 78 किलो, उंची 160 सेंटिमीटर, दिवसभर बैठं काम आणि आठवड्यातून तीनदा अर्धा तास चालणं. बरीच अ‍ॅप आणि आहारतज्ज्ञही 1990 सालचं मिफ्लिन–सेंट जोर हे सूत्र वापरतात. वजनाला 10 ने गुणायचं, त्यात उंचीची सव्वासहापट मिळवायची, वयाची पाचपट वजा करायची आणि बाईंसाठी आणखी 161 वजा करायचे. उत्तर येतं 1419. नुसतं पडून राहिलं तरी शरीराला दिवसाला साधारण एवढ्या कॅलरी लागतात. थोडीफार हालचाल करणाऱ्यांसाठी याला 1.375 ने गुणतात, म्हणजे सुमारे 1950.

एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने 7700 कॅलरी. आठवड्याला पाव किलो उतरवायचं तर रोज 275 कमी खायला हव्यात. बाईंचं लक्ष्य ठरलं 1675. पाव किलो फारच थोडं वाटेल, पण धावपळीच्या दिवसात उपाशी न राहता एवढंच निभतं. आठवड्याला एक किलोचा हट्ट धरला, तर याच बाईंना रोज जेमतेम 850 कॅलरी उरतात. एवढ्यावर डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय कुणीही राहू नये.

आता चार आठवडे झाले. एक किलो उतरायला हवं होतं, उतरलं 200 ग्रॅम. इथे बहुतेक जण स्वतःला दोष देतात किंवा जेवण आणखी कमी करतात. दोन्ही नको. आधी हिशेब करा. कमी पडले 800 ग्रॅम, म्हणजे सुमारे 6160 कॅलरी. 28 दिवसांत वाटल्या तर रोजच्या 220. या 220 कुठून आल्या, ते शोधायचं.

पहिली जागा तेलाची. बाईंनी नोंदीत रोज एक चमचा तेल लिहिलंय, म्हणजे 45 कॅलरी. घरात माणसं चार आणि एक लिटरची बाटली संपते दहा दिवसांत. म्हणजे दिवसाला 100 मिलिलिटर, माणशी 25. त्याच्या होतात साधारण 205 कॅलरी. एकट्या तेलातच 160 चा फरक! म्हणून तेलाची नोंद अंदाजाने करू नका. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहा, संपल्यावर दिवसांनी आणि माणसांनी भागा. सगळे सारखं जेवत नाहीत हे खरं, तरी हा हिशेब अंदाजापेक्षा कितीतरी जवळचा.

दुसरी जागा चालण्याची. ज्या दिवशी त्या चालतात, त्या दिवशी अ‍ॅप 130 कॅलरी ‘कमावल्या’ म्हणून दाखवतं आणि तेवढं जास्त खायची मुभा देतं. पण चालणं 1.375 मध्ये आधीच धरलेलं आहे! एकच चालणं दोनदा मोजलं गेलं. आठवड्यातून तीनदा 130 म्हणजे रोजच्या 55 च्या आसपास. 160 आणि 55 मिळून 215, हरवलेल्या 220 चा जवळजवळ पूर्ण हिशेब लागला. सेटिंगमध्ये जाऊन व्यायामाच्या कॅलरी जेवणात मिळवणं बंद करायचं, बस्स.

हा हिशेब पहिल्याच आठवड्यात मात्र करू नका. सुरुवातीला उतरतं त्यात पाणी बरंच असतं. शिवाय पाळीच्या आधी कित्येक जणींचं वजन एखाद-दोन किलो वाढलेलं दिसतं, तेही पाणीच. म्हणून रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन करावं, सात दिवसांची सरासरी काढावी आणि तिची तुलना चार आठवड्यांपूर्वीच्या सरासरीशी करावी.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारा. औषधाची मात्रा तशीच राहिली तर साखर धोक्याच्या खाली जाऊ शकते. गरोदर बायकांनी आणि खाण्याच्या विकारातून गेलेल्यांनी अ‍ॅपच्या आकड्यावर विसंबू नये. त्यांनी आहारतज्ज्ञांकडेच जावं, कारण अ‍ॅप या गोष्टी बहुधा विचारतही नाही.

आणि पाच किलो उतरल्यावर सूत्र पुन्हा मांडा. 73 किलोला बाईंची गरज 1950 वरून 1880 वर येते. जुनंच लक्ष्य ठेवलं, तर 275 ची तूट आपोआप 205 होते.