नीलमाच्या तारेतून उष्णता कशी वाहते

जपानमध्ये कामिओकाच्या डोंगराखाली कागरा हा गुरुत्वीय लहरी टिपणारा शोधक आहे. त्याचे मुख्य आरसे नीलमाचे, प्रत्येकी सुमारे 23 किलोचे. त्यांना 20 केल्विनच्या आसपास थंड ठेवायचं असतं. प्रत्येक आरसा नीलमाच्याच चार तारांवर लटकतो, आणि तारेची जाडी फक्त 1.6 मिलिमीटर. लेझरमुळे आरशात साठणारी उष्णता या तारांतूनच वर निघून जाते.

आता खोलीच्या तापमानाला नीलमाची उष्णतावाहकता साधारण 40 वॉट प्रति मीटर केल्विन, म्हणजे तांब्याच्या जेमतेम एक दशांश. मग नीलमच का? कारण गार होताना ती हजारोंवर चढते.

नीलमात मोकळे इलेक्ट्रॉन नाहीत. उष्णता वाहतात त्या अणूंच्या जाळीतल्या लहरी, म्हणजे फोनॉन. हिशेब असा: κ = ⅓Cvℓ. κ ही उष्णतावाहकता, C ही एकक घनफळाची उष्णताधारकता, v ध्वनीचा वेग, सेकंदाला सुमारे 7 किलोमीटर, आणि ℓ म्हणजे फोनॉन न अडखळता सरासरी किती अंतर जातो ते. खोलीच्या तापमानाला ℓ निघतं अवघं 5-6 नॅनोमीटर.

इथे एक बारकावा आहे. दोन फोनॉन आदळून तिसरा झाला आणि एकूण संवेग तोच राहिला, तर उष्णतेचा ओघ थांबत नाही. तो थांबतो संवेगाची बेरीज जाळीच्या मर्यादेबाहेर गेली आणि उरलेला संवेग जाळीने घेतला तर. रुडॉल्फ पायर्ल्सने 1929 मध्ये हे दाखवलं; या टकरीला उमक्लाप म्हणतात. तिच्यासाठी बऱ्यापैकी जोरदार फोनॉन लागतात. नीलमात त्यांची ऊर्जा ढोबळमानाने 500 केल्विनच्या तोडीची धरा. त्यांची संख्या e^(−500/T) प्रमाणे घटते: 50 केल्विनला साधारण 22 हजारांत एक, 25 केल्विनला जवळपास 50 कोटींत एक. म्हणून थंडी वाढते तसं ℓ झपाट्याने लांबतं.

पण किती लांबेल? तारेच्या जाडीइतकं, कारण पुढे पृष्ठभाग आहे. एकदा ℓ तिथे अडकलं की उरतं फक्त C, आणि तेही T³ प्रमाणे घसरतं. 10 केल्विनला C सुमारे 340 ज्यूल प्रति घनमीटर केल्विन, ℓ 1.6 मिलिमीटर, उत्तर येतं सुमारे 1,250. 5 केल्विनला त्याचा आठवा भाग, 160 च्या आसपास. या दोन उतारांच्या मधे शिखर उभं राहतं. चांगल्या, जाड नीलमात ते 30 केल्विनच्या जवळपास असतं.

पृष्ठभागच अडवतोय हे ओळखायचं कसं? मोजलेल्या κ ला T³ ने भागा. आलेख आडवा झाला तर तोच. त्याच स्फटिकाची बारीक कांडी कापली तर शिखराच्या थंड बाजूची वाहकता घटते, गरम बाजूची जागची हलत नाही. मात्र पृष्ठभाग आरशासारखा घासलेला असेल तर फोनॉन विखुरण्याऐवजी परावर्तित होऊन पुढे सरकतात, आणि ℓ जाडीपेक्षाही मोठं निघतं. गरम बाजूही जागची हलली, तर कांडी कापताना स्फटिकात दोष शिरलेत का ते आधी तपासावं.

थंड बाजूला तार दुप्पट जाड केली तर छेद चौपट आणि वाहकता दुप्पट, म्हणजे उष्णता आठपट निघते. मग कागराने जाड तारा का घेतल्या नाहीत? जाड तार ताठर होते आणि तिचा औष्णिक कंप आरशापर्यंत जास्त पोचतो.