पांदणीवरचे जीव आणि धुऱ्यावरचा शेजारी

नमस्कार श्रोतेहो. सोयाबीन शेंगांवर आलं आहे, पऱ्हाटीला पात्या लागल्या आहेत आणि गावच्या जैन मंदिरात, स्थानकात संध्याकाळच्या प्रतिक्रमणाला, म्हणजे झालेल्या चुका आठवून क्षमा मागण्याच्या पाठाला, चार माणसं जास्त दिसू लागली आहेत. वर्षातून एकदा मोबाईलवर येणारा क्षमायाचनेचा ‘मिच्छा मि दुक्कडं’ आता सगळ्यांच्याच ओळखीचा झाला आहे. पण ही क्षमा मुळात रोजची आहे. सकाळी रात्रीचा हिशेब, संध्याकाळी दिवसाचा. त्यातली एक गाथा अशी:

खामेमि सव्वजीवे, सव्वे जीवा खमंतु मे।
मित्ती मे सव्वभूएसु, वेरं मज्झं न केणई॥

म्हणजे, मी सर्व जीवांना क्षमा करतो, सर्व जीव मला क्षमा करोत. सर्व प्राणिमात्रांशी माझी मैत्री आहे, माझं कुणाशीही वैर नाही. आपल्याकडच्या दिगंबर घरांत हीच गाथा ‘खम्मामि सव्वजीवाणं’ अशी सुरू होते, अर्थ तोच. क्रमाकडे तेवढं लक्ष द्या. आधी क्षमा द्यायची, मग मागायची. आपला नेहमीचा व्यवहार बरोबर उलटा असतो.

आता ‘सर्व जीव’ म्हणणं सोपं आहे. चौऱ्याऐंशी लाख योनी एका श्वासात म्हणून मोकळं होता येतं. ही पळवाट बंद करायला श्वेतांबर परंपरेत सामायिकाच्या, म्हणजे समभावाने शांत बसण्याच्या, आणि प्रतिक्रमणाच्या आधी एक छोटा पाठ म्हणतात, इरियावहियं. चालण्याफिरण्यात जे जीव दुखावले, त्यांची क्षमा. दिगंबर प्रतिक्रमणातही असा पाठ आहे, शब्द थोडे वेगळे आहेत. हा पाठ तुम्ही आपल्या पांदणीवर उभं राहून ऐकावा असं मला फार वाटतं.

सकाळी डोक्यावर डबा घेऊन एक बाई शेताकडे निघाली आहे असं समजा. पाठात येतं, ‘पाणक्कमणे, बीयक्कमणे, हरियक्कमणे’: प्राण्यांवर, बियांवर, हिरव्या अंकुरांवर पाय पडला. पुढे ‘ओसा’, म्हणजे गवतावरचं दव. ‘उत्तिंग’, मुंग्यांची बिळं. ‘पणग’, शेवाळ. ‘दग’ पाणी, ‘मट्टी’ माती, आणि ‘मक्कडा संताणा’, कोळ्याची जाळी. बोरीपासून बाभळीपर्यंत ताणलेलं ते जाळं, सकाळी पहिलं जाणाऱ्याच्या तोंडाला चिकटतं ना, तेच. आपण ते हाताने पुसतो आणि चालू लागतो. पाठ मात्र तिथे थांबतो. जैन मताप्रमाणे माती, पाणी, अग्नी, वारा आणि वनस्पती हेही एकेंद्रिय जीव आहेत, म्हणून चिखल आणि दवसुद्धा या यादीत आले.

नंतर येतात दुखावण्याचे दहा प्रकार. अभिहया, म्हणजे ठोकरले. वत्तिया, धुळीखाली झाकले. लेसिया, जमिनीवर घासले. संघाइया, एकमेकांवर ढीग केले. संघट्टिया, नुसत्या स्पर्शानेही दुखावले. परियाविया, पीडा दिली. किलामिया, थकवून टाकले. उद्दविया, भयभीत केले. ठाणाओ ठाणं संकामिया, एका जागेवरून उचलून दुसरीकडे टाकले. आणि सगळ्यात शेवटी जीवियाओ ववरोविया, जिवानिशी मारले.

दहापैकी नऊ प्रकारांत जीव मेलेला नाही. एखाद्याला त्याच्या जागेवरून हलवणं हासुद्धा अपराध धरला आहे. डवऱ्याला जुंपलेली जोडी दुपारपर्यंत थकते, ते ‘किलामिया’मध्ये आलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाचे खांदे लोणी-हळदीने मळतो ते याच जाणिवेतून. पाठातली जाणीव मात्र रोजची आहे, आणि ती बैलापाशी न थांबता गोगलगायीपर्यंत जाते.

शेतकरी श्रोते विचारतील, मग फवारणीचं काय? वखरणीचं काय? प्रश्न रास्त आहे. जैन आचारात हिंसेचे चार भेद सांगितले जातात. ठरवून, मारण्याच्याच इराद्याने केलेली ती संकल्पी. घरकामात होणारी आरंभी. उद्योगात, शेतीत होणारी उद्योगी. बचावासाठी करावी लागणारी विरोधी. गृहस्थाने संकल्पी हिंसा सोडायची, बाकीच्या तीन जमतील तेवढ्या कमी करायच्या. साधूंचे नियम याहून खूप कडक असतात. म्हणजे पोटासाठी शेत करणाऱ्याला हा धर्म हाकलून देत नाही. पण गरज नसताना मारलेला एक जास्तीचा पंप त्या दिवशीच्या हिशेबात धरायला लावतो.

आणि नुसतं म्हणून भागत नाही, हेही परंपरेनेच सांगून ठेवलं आहे. कुंभाराची जुनी गोष्ट आहे. एक बालशिष्य खडे मारून त्याची मडकी फोडायचा. कुंभार ओरडला की म्हणायचा, ‘मिच्छा मि दुक्कडं’, माझं दुष्कृत्य मिथ्या होवो. आणि पुन्हा खडा! शेवटी कुंभाराने त्याचा कान पिळला. पोरगं कळवळलं तेव्हा म्हणाला, ‘मिच्छा मि दुक्कडं’, आणि आणखी पिळला. पाठ खरा की तोंडदेखला, हे ओळखायला दुसऱ्या दिवशीचं वागणं बघायचं.

मुंगीची क्षमा मागणं त्या मानाने सोपं. ती काही उलटून बोलत नाही. गाथा अडते ती धुऱ्यावर. शेजाऱ्याने नांगराच्या दोन तासांएवढा धुरा आपल्या वावरात सरकवला, बोलाचाली झाली, बोलणं बंद झालं. ‘वेरं मज्झं न केणई’ म्हणताना नेमका तोच डोळ्यांपुढे येतो.

यासाठी श्वेतांबरांच्या कर्मग्रंथांत क्रोधाच्या चार पायऱ्या आणि त्यांच्या मुदती दिल्या आहेत. पहिला क्रोध पाण्यावरच्या रेघेसारखा, ओढता ओढता मिटणारा. तो फार तर पंधरवडा टिकतो. दुसरा वाळूतल्या रेघेसारखा, चार महिने. तिसरा जमिनीच्या भेगेसारखा, वर्षभर. चौथा डोंगराच्या भेगेसारखा, तो जन्मभर बुजत नाही. आपल्या काळ्या जमिनीत राहणाऱ्याला तिसरी पायरी समजावून सांगायची गरजच नाही. मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि मृग बरसला की मिटतात. पाक्षिक, चातुर्मासिक आणि सांवत्सरिक प्रतिक्रमणांच्या मुदती याच हिशेबाशी जुळतात. वर्षाच्या आत भेग बुजली नाही, तर राग चौथ्या पायरीवर, डोंगरावर गेला असं समजायचं. आता आठवून बघा, धुऱ्याच्या भांडणाला किती पावसाळे झाले.

‘मी जाईन हो, पण तो बोलला नाही तर?’ असं कुणीतरी म्हणणारच. कल्पसूत्रात साधूंच्या आपसातल्या भांडणासाठी नियम आहे: लहानाने मोठ्याची क्षमा मागावी, मोठ्यानेही लहानाची मागावी. जो शांत होतो त्याची आराधना झाली, जो होत नाही त्याची झाली नाही. दोघांचे हिशेब वेगळे ठेवले आहेत. तुम्ही राम राम घातला आणि त्याने तोंड फिरवलं, तरी तुमचा पाठ पुरा झाला.

जमीन सोडून द्या, असं मात्र गाथा कुठेच म्हणत नाही. धुरा खरंच सरकला असेल तर मोजणीचा अर्ज भरा, खुणा घालून घ्या. त्याची बैलं चुकून तुमच्या तुरीत शिरली, तर दगड न मारता हाकला. आणि मोजणीच्या दिवशी तो समोर उभा असेल, तर राम राम आधी तुमच्याकडून जाऊ द्या.