पुन्हा पुन्हा होणारं यीस्ट इन्फेक्शन: दर आठवड्याची गोळी कुणाला, आणि खाज बुरशीची नसेल तर?

(कॅमेऱ्याकडे बघून)

नमस्कार. योनीमार्गात बुरशी वाढली की तिथे खाज सुटते, दह्याच्या चोथ्यासारखं पांढरं जातं, लघवीला जळजळ होते. यालाच यीस्ट इन्फेक्शन म्हणतात. मग मेडिकलमध्ये जाऊन बुरशीची गोळी हळूच मागायची, 'ते दीडशेचं फ्लुकोनॅझोल द्या.' गोळी घेतली की दोन-तीन दिवसांत बरं वाटतं. महिना-दीड महिन्यात पुन्हा तेच, आणि पुन्हा तीच गोळी.

वर्षातून एकदा असं झालं तर फारसं काही बोलायचं नाही. पण वर्षभरात तीन किंवा त्याहून जास्त वेळा झालं, तर त्याला आम्ही वारंवार होणारं इन्फेक्शन म्हणतो. काही ठिकाणी चार वेळांची अट धरतात. आकड्यावरून भांडण नको. माझा मुद्दा असा, की इथून पुढे एकेक गोळी घेत राहणं बंद करायचं आणि बुरशी खरंच आहे का, असेल तर कुठली, हे एकदा तपासून घ्यायचं. दर आठवड्याच्या गोळीचा सहा महिन्यांचा कोर्स त्यानंतर.

तपासायचं कशाला, गोळीने बरं वाटतंय ना? इथेच फसायला होतं. खाज मुळातच कमी-जास्त होते. बुरशीची खाज बऱ्याच जणींना पाळीच्या आधीच्या आठवड्यात वाढते आणि पाळी सुरू झाली की उतरते. साबणाच्या किंवा पॅडच्या ॲलर्जीची खाज, तो साबण बंद झाला की जाते. त्याच दिवसांत तुम्ही गोळी घेतली असेल तर सगळं श्रेय गोळीला. अमेरिकेत एकदा दुकानातून स्वतःहून बुरशीचं औषध घेणाऱ्या बायकांची तपासणी केली. त्यातल्या जेमतेम एक तृतीयांश जणींना फक्त बुरशीचं इन्फेक्शन निघालं. बाकीच्यांना दुसरं काहीतरी होतं, किंवा बुरशीसोबत आणखी काही.

आपल्याकडे यात अजून एक भर. 'पांढरं जातंय' एवढं सांगितलं की हातात चार गोळ्यांचं किट येतं. एक फ्लुकोनॅझोल, एक ॲझिथ्रोमायसिन, दोन सेक्निडॅझोल. बुरशी, जंतू, ट्रायकोमोनास नावाचा परजीवी, सगळ्यांवर एकदम गोळीबार. त्यातलं ॲझिथ्रोमायसिन अँटिबायोटिक आहे, आणि अँटिबायोटिकनंतर बुरशी वाढणं ही आम्ही नेहमी बघतो ती गोष्ट. म्हणजे बुरशीसाठी घेतलेल्या किटनेच पुढच्या इन्फेक्शनची सोय होऊ शकते.

(खुर्ची थोडी पुढे ओढून)

आता एक उदाहरण धरू. समजा, एक चौतीस वर्षांची शिक्षिका आहे. वर्षभरात पाचव्यांदा त्रास होतोय. दर वेळी एक गोळी, दर वेळी आराम, दर वेळी परत. ती तपासायला येते. योनीमार्गाच्या भिंतीवर पांढरे थर आहेत, बाहेरची त्वचा लाल आहे, बारीक चिरा आहेत. आतल्या स्रावाला पीएचची, म्हणजे आम्लता मोजायची, पट्टी लावली तर पीएच चार येतो, म्हणजे नॉर्मल. बुरशीत पीएच सहसा बदलत नाही. तो साडेचारच्या वर असला आणि माशासारखा वास असला तर मी बॅक्टेरियल व्हजायनोसिसचा, म्हणजे योनीमार्गातल्या जंतूंचा तोल बिघडल्याचा, विचार करते. तिथे फ्लुकोनॅझोल काही करत नाही.

मग स्राव काचपट्टीवर घेऊन त्यावर केओएच, म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाचा थेंब टाकते. केओएचने पेशी विरघळतात आणि बुरशीचे धागे, कोंब फुटलेले कण उरतात. दिसले तर प्रश्न मिटला. पण हेही लक्षात ठेवा, की खरी बुरशी असूनही काचपट्टीवर ती बऱ्याचदा सापडत नाही. म्हणून वारंवार त्रास असेल तर कल्चर, म्हणजे लॅबमध्ये बुरशी वाढवून बघणं, करायचंच. लॅबच्या चिठ्ठीवर 'फंगल कल्चर, प्रजातीसह' असं लिहून घ्या. नाहीतर रिपोर्टवर नुसतं 'कॅन्डिडा' हे बुरशीच्या कुळाचं नाव येतं, आणि आपल्याला हवं असतं ते नेमकं पुढचं, प्रजातीचं नाव. त्यासाठी कापसाच्या काडीवर घेतलेला स्रावाचा नमुना, म्हणजे स्वॅब, त्रास चालू असताना आणि गोळी घ्यायच्या आधी द्यायचा. गोळी घेऊन दोन दिवसांनी दिलेला स्वॅब 'काही नाही' म्हणून परत येतो, आणि बाई घरी 'सगळं मनाचं आहे' हे ऐकते.

आपल्या शिक्षिकेच्या रिपोर्टवर येतं कॅन्डिडा अल्बिकन्स. सगळ्यात नेहमीची बुरशी, फ्लुकोनॅझोलला सहसा ऐकणारी. साखर नॉर्मल. आता हिला शेड्यूल द्यायला हरकत नाही.

(स्क्रीनवर: १ला, ४था, ७वा दिवस → मग दर आठवड्याला १ गोळी, ६ महिने)

पहिली गोळी १५० मिलिग्रॅमची, समजा रविवारी. दुसरी बुधवारी, तिसरी शनिवारी. मधे बहात्तर तास का? कारण फ्लुकोनॅझोल शरीरातून सावकाश जातं. अर्धं औषध उतरायला साधारण तीस तास लागतात, आणि एका गोळीचा परिणाम योनीमार्गात तीनेक दिवस टिकतो. रोज घेऊन काही जास्त मिळत नाही. या तीन गोळ्यांचं काम आत्ताचा भडका पूर्ण विझवणं. तो विझलाय याची खात्री झाली की मग दर शनिवारी एक गोळी, सहा महिने. या दुसऱ्या टप्प्याचं काम बुरशीला पुन्हा डोकं वर काढू न देणं. लोक गडबड करतात ती इथे. पहिला महिना छान जातो, मग 'आता बरं आहे, कशाला घ्यायची' म्हणून गोळी सुटते. मोबाइलवर शनिवारचा अलार्म लावा, विषय संपला.

याचा उपयोग किती? २००४ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये डेट्रॉइटच्या जॅक सोबेल आणि सहकाऱ्यांनी ३८७ स्त्रियांवरचा अभ्यास छापला. सहा महिने दर आठवड्याला गोळी घेणाऱ्यांपैकी सुमारे ९१ टक्के त्या काळात त्रासाविना राहिल्या. नकली गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण ३६ टक्के होतं. पण गोळी बंद केल्यावर आणखी सहा महिन्यांनी पाहिलं, तर पहिल्या गटात त्रासाविना उरल्या ४३ टक्के.

हा दुसरा आकडा रुग्णाला आधीच सांगायला हवा, आणि तो सहसा सांगितला जात नाही. गोळी बुरशीला दाबून ठेवते, मुळापासून उपटत नाही. त्यामुळे कोर्स संपल्यावर परत त्रास झाला तर तुमचं काही चुकलं असं नाही. पुन्हा तपासून तोच कोर्स पुन्हा देता येतो. काही डॉक्टर एकदम बंद करण्याऐवजी अंतर वाढवत नेतात. बेल्जियममधून आलेली एक पद्धत अशी: २०० मिलिग्रॅमच्या गोळ्या, पहिल्या आठवड्यात तीन, मग दोन महिने दर आठवड्याला, पुढचे चार महिने पंधरवड्याला, शेवटचे सहा महिने महिन्यातून एकदा. मला ही आवडते, कारण मधेच त्रास झाला तर किती अंतर झेपतं ते कळतं.

सुरू करण्याआधी तुमच्या बाकीच्या गोळ्या डॉक्टरांना दाखवा. ॲसिडिटीसाठी सर्रास घेतली जाणारी पॅन्टोप्राझोल-डॉम्पेरिडोनची कॅप्सूल याच्यासोबत नको, हृदयाच्या ठोक्यांत गडबड होऊ शकते. मधुमेहाची ग्लिमेपिराइड चालू असेल तर साखर एकदम खाली जाऊ शकते. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनचा परिणाम वाढून रक्तस्राव होऊ शकतो. गरोदर असाल किंवा दिवस गेल्याची शंका असेल तर फ्लुकोनॅझोल घ्यायचं नाही. तिथे क्लोट्रिमॅझोल योनीमार्गात सात रात्री. नवऱ्याला काही त्रास नसेल तर त्याला उगाच गोळी द्यायची गरज नाही.

(थांबून)

आता कोर्स नीट घेऊनही त्रास जात नाही, असं झालं तर?

पहिलं मी मधुमेहाच्या गोळीचं नाव विचारते. साखर वाढली की बुरशीला खाद्य, हे सगळ्यांना माहीत आहे. पण डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधं साखर लघवीवाटे बाहेर टाकूनच काम करतात. म्हणजे रक्तातली साखर छान, रिपोर्ट बघून डॉक्टर खूश, आणि खाली जागा सतत गोड. त्रास नवीन गोळी लागल्यानंतर सुरू झाला का, एवढं आठवून सांगा. गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका. हृदय किंवा किडनीसाठी ती फार कामाची असते. ती चालू ठेवायची की बदलायची, हे दोन डॉक्टरांनी मिळून ठरवायचं.

दुसरी शक्यता, बुरशीच वेगळी. कल्चरमध्ये कॅन्डिडाची ग्लॅब्राटा ही प्रजाती आली तर फ्लुकोनॅझोल अनेकदा कमी पडतं, आणि क्रुसेई ही प्रजाती तर त्याला जन्मतःच दाद देत नाही. तिथे सहा महिने शनिवार पाळणं म्हणजे भिजत घोंगडं. ग्लॅब्राटासाठी बोरिक ॲसिडची ६०० मिलिग्रॅमची कॅप्सूल रोज रात्री योनीमार्गात ठेवतात, तीन आठवडे. हे पोटात गेलं तर विष आहे आणि गरोदरपणात अजिबात चालत नाही. म्हणून घरात मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवायचं आणि स्वतःच्या मनाने आणायचं नाही. उलट्या बाजूनेही सांगते: दहा ते वीस टक्के स्त्रियांच्या योनीमार्गात काहीही त्रास नसताना कॅन्डिडा असतेच. कल्चर पॉझिटिव्ह आलं, पण खाज नाही, लाली नाही, तर उपचारही नाही.

तिसरी शक्यता सगळ्यात जास्त निसटते: बुरशी नाहीच. खुणा सांगते. गोळीने एकदाही नीट आराम पडलेला नाही. पांढरं फारसं जात नाही, नुसती खाज, तीही बाहेरच्या त्वचेवर आणि रात्री जास्त. संबंधांच्या वेळी चिरा पडतात. आरशात बघितलं तर त्वचा पांढुरकी, पातळ, कागदासारखी सुरकुतलेली, आणि तो पांढरेपणा योनीपासून गुदद्वाराभोवती इंग्रजी आठासारखा पसरलेला. हा लायकेन स्क्लेरोसस नावाचा त्वचेचा आजार असू शकतो. पाळी गेलेल्या बायकांत जास्त दिसतो, पण कुठल्याही वयात होतो, लहान मुलींनाही.

याचं औषध उलट दिशेचं आहे. क्लोबेटासॉल, कडक स्टेरॉइडचं मलम, सहसा पहिला महिना रोज रात्री, मग एक दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा, वाटाण्यापेक्षा जास्त नाही. आणि हेच क्लोबेटासॉल मेडिकलमधल्या 'खाजेच्या ट्यूब'मध्ये बुरशीच्या औषधाबरोबर मिसळलेलं असतं. ते खऱ्या गजकर्णावर लावलं तर गजकर्ण जांघभर पसरतं. लायकेनवर अर्धवट लावलं तर चार दिवस बरं वाटतं आणि निदान आणखी वर्षभर लांबतं. तोवर आतले पातळ ओठ बाहेरच्या ओठांना चिकटून नाहीसे होऊ शकतात. काही थोड्या जणींत, उपचार न झालेल्या त्वचेवर पुढे कॅन्सरही होतो. त्यामुळे तिथे न भरणारी जखम, गाठ किंवा जाड झालेला भाग दिसला तर ट्यूब बाजूला ठेवायची, त्वचारोगतज्ज्ञ किंवा स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जायचं आणि तुकडा काढून तपासायचा का, हे स्वतःहून विचारायचं.