अपेंड स्वस्त का पडतं? डायनॅमिक अ‍ॅरेचा हिशेब एकदाचा नीट मांडूया

नमस्कार मंडळी. अ‍ॅरेवरचा मागचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. एकाने फार नेमका विचारलाय, तोच वाचते: "ताई, अ‍ॅरे भरला की सगळे घटक नव्या जागी कॉपी होतात, म्हणजे एक अपेंड O(n). मग n वेळा अपेंड केलं तर O(n²) व्हायला हवं. सगळे O(1) कसं म्हणतात?"

प्रश्न अगदी रास्त आहे. आजचा अख्खा व्हिडिओ त्यावरच.

मूळ गोष्ट पटकन सांगते, कारण ती तुम्हाला माहीत आहे. C++ मधला `vector`, जावामधली `ArrayList`, पायथनची `list`, हे सगळे आतून साधे अ‍ॅरेच. मेमरीत सलग जागा घेतलेली असते, तिला म्हणायचं कॅपॅसिटी. त्यातली भरलेली किती, ती साइझ. जागा शिल्लक असेल तर अपेंड म्हणजे शेवटी एक घटक लिहिणं, बस. जागा संपली की मोठी सलग जागा मागायची, जुने सगळे घटक तिकडे हलवायचे, जुनी जागा परत करायची आणि मग नवा घटक लिहायचा. जागा साधारण दुप्पट मागतात, आपण हिशेबाला दुप्पटच धरू.

आता वही-पेन घ्या. खरंच घ्या, नुसतं बघून हे डोक्यात बसत नाही.

कॅपॅसिटी १ पासून सुरू. १७ घटक टाकायचे. दुसऱ्या घटकाच्या वेळी जागा नाही, १ कॉपी. तिसऱ्याच्या वेळी २ कॉपी. पाचव्याला ४, नवव्याला ८, सतराव्याला १६. मध्ये बाकी सगळीकडे शून्य. बेरीज करा: १ + २ + ४ + ८ + १६, म्हणजे ३१. आणि मी मुद्दाम १७ घेतलेत, कारण मोठी हलवाहलव नुकतीच झालीय, म्हणजे हिशेबासाठी हा सगळ्यात वाईट क्षण. तरीही ३१ कॉपी आणि १७ वेळा लिहिणं मिळून ४८ कामं. दर अपेंडमागे तीनपेक्षा कमी.

इथे बेरजेकडे नीट बघा. शेवटची कॉपी १६ ची. तिच्या आधीच्या सगळ्या मिळून १५. नेहमी असंच होतं: शेवटची हलवाहलव कितीही मोठी असो, आधीच्या सगळ्या मिळून तिच्यापेक्षा एकाने कमीच भरतात. म्हणून एकूण कॉपी 2n च्या आतच राहतात. O(n²) म्हणणाऱ्याची चूक एवढीच, की त्याने प्रत्येक अपेंडला सगळ्यात महागड्या अपेंडची किंमत लावली. महागडी अपेंड १७ मध्ये फक्त ५ आहेत, आणि त्यातलीही पहिली चार फुटकळ.

हे मी वर्गात शिकवते तेव्हा निम्मी मुलं मान हलवतात, पण त्यांना बेरीज पटलेली असते, कारण पटलेलं नसतं. म्हणून तीच गोष्ट दुसऱ्या बाजूने.

समजा एक लिहिणं किंवा एक कॉपी म्हणजे एक रुपया. प्रत्येक घटक आत येताना तीन रुपये घेऊन येतो. एक रुपया स्वतःला लिहिण्याचा, तो लगेच खर्च. उरलेले दोन स्वतःजवळ ठेवतो. आता कॅपॅसिटी १६ झाल्यानंतरचं बघा. पहिले आठ घटक नुकतेच हलून आलेत, त्यांचे खिसे रिकामे. नऊ ते सोळा हे आठ नवे घटक, प्रत्येकाकडे दोन, एकूण सोळा रुपये. सतरावा दारात उभा राहिला की हलवायचे किती? सोळा. जमलेत किती? सोळा. प्रत्येक नवा घटक एक रुपया स्वतःच्या हलण्याचा देतो आणि एक रुपया समोरच्या एका जुन्याच्या हलण्याचा, कारण त्या जुन्याची शिल्लक मागच्या वेळीच संपलीय. पुढच्या वेळी बत्तीस हलवायचे, तेव्हाही सोळा नव्यांकडे बत्तीस रुपये तयार. एकदाही उसने घ्यावे लागत नाहीत.

अशा अपेंडला 'अमॉर्टाइज्ड O(1)' म्हणतात, आणि त्यातला 'अमॉर्टाइज्ड' हा शब्द इथूनच कळतो. घराचं कर्ज घेतलंय त्यांनी बँकेकडचं हप्त्यांचं वेळापत्रक बघितलं असेल, त्यावर हाच शब्द छापलेला असतो: अमॉर्टायझेशन. मोठी रक्कम छोट्या हप्त्यांत पसरवणं. रॉबर्ट टार्जन यांनी १९८५ च्या शोधनिबंधात ही हिशेबाची पद्धत अल्गोरिदमसाठी नीट मांडली. फरक एवढाच की आपल्याकडे हप्ते आधी भरले जातात आणि खर्च नंतर येतो.

आता तिसरी बाजू, माझी सगळ्यात आवडती. सतरावा घटक आल्यावर मागे वळून एकेका घटकाला विचारा, तू किती वेळा हललास? सतरावा म्हणतो, एकदाही नाही. नऊ ते सोळा हे आठ जण एकेकदा. पाच ते आठ हे चार जण दोनदा. तिसरा-चौथा तीनदा. दुसरा चार वेळा, पहिला पाच वेळा. बेरीज करा: ८ + ८ + ६ + ४ + ५, पुन्हा ३१. जास्त वेळा हललेले घटक आहेत, पण ते मोजकेच. हलण्याचा आकडा एकाने वाढला की त्या रांगेतली माणसं निम्मी होतात. म्हणून पहिल्याचे पाच हेलपाटे एकूण हिशेबात जाणवतही नाहीत.

इथे एक गोष्ट मला मनापासून खटकते. "अपेंड सरासरी O(1) आहे" असं लिहून लोक पुढे जातात, आणि ऐकणाऱ्याला वाटतं यात नशिबाचा भाग आहे. कमेंटमध्ये एकीने लिहिलंय, "म्हणजे क्विकसॉर्टसारखंच ना?" नाही, आणि हा फरक महत्त्वाचा आहे. क्विकसॉर्टची सरासरी ही डेटा कसा येतो यावर असते. पहिला घटक पिव्हट घेतला आणि यादी आधीच क्रमाने लावलेली आली, तर तो खरोखर O(n²) ला जातो. अपेंड तर डेटाकडे बघतही नाही. तुम्ही काहीही टाका, कितीही वाईट हेतूने टाका, n अपेंडचं एकूण काम 3n च्या आतच. ही हमी आहे. सरासरी काढलीय ती ओळीने केलेल्या कामांची, शक्यतांची नव्हे.

आता दुसरी कमेंट, याच्यावर मला बोलायचंच होतं: "दुप्पट कशाला? मेमरी वाया जाते. हजार-हजारने वाढवलं तर?"

हे मी स्वतः केलंय. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका फाइलमधून नोंदी वाचून `vector` मध्ये भरायच्या होत्या, आणि मेमरी वाचवायची म्हणून मी लूपमध्ये हे लिहिलं:

```cpp
if (v.size() == v.capacity())
    v.reserve(v.size() + 1000);
v.push_back(rec);
```

दिसायला किती शहाणपणाचं दिसतं! पाच हजार नोंदींवर तपासलं, क्षणात झालं. खऱ्या फाइलमध्ये दहा लाख नोंदी होत्या आणि प्रोग्राम संपेना. GCC च्या `vector` मध्ये `reserve` ला कॅपॅसिटीपेक्षा जास्त जागा मागितली की तो नेमकी तेवढीच देतो. म्हणजे दुप्पट होण्याची व्यवस्था मी माझ्याच हाताने बंद केली होती. हिशेब बघा: १०००, २०००, ३००० असं करत ९,९९,००० पर्यंत दर वेळी सगळं हलणार. बेरीज ४९ कोटी ९५ लाख कॉपी. दुप्पट केलं असतं तर? १० लाख ४८ हजार ५७५.

रुपयांच्या भाषेत सांगायचं तर, दोन हलवाहलवींच्या मधे नवे घटक फक्त हजारच येतात. हलवायचे असतात लाखो. हजार जणांनी लाखोंचा खर्च कुठून भरायचा? हजाराऐवजी दहा हजार केले तरी रोग तोच, फक्त उशिरा दिसतो. वाढ ही असलेल्या आकाराच्या प्रमाणात हवी, हाच यातला कळीचा मुद्दा. दीडपट चालते, जावाची `ArrayList` दीडपटच वाढते. ठराविक आकडा चालत नाही.

आपल्या कोडमध्ये हे झालंय का ते ओळखायचं कसं? डेटा दुप्पट करा आणि वेळ मोजा. वेळ साधारण दुप्पट झाला तर ठीक. चौपट झाला तर कुठेतरी असली ओळ लपलीय. माझ्या बाबतीत उपाय म्हणजे ती `if` आणि `reserve` ची जोडी पुसून टाकणं, एवढाच होता.

इथे पायथनवाले म्हणणार, "आमची `list` तर आठ-आठनेच वाढते, मी बघितलंय." बरोबर बघितलंय, पण लवकर थांबलात. हे चालवा:

```python
import sys
a, old = [], 0
for i in range(65):
    s = sys.getsizeof(a)
    if s != old:
        print(len(a), s)
        old = s
    a.append(i)
```

६४-बिट मशीनवर पायथन ३.९ किंवा त्यापुढचं असेल तर बाइटचे आकडे ५६, ८८, १२०, १८४, २४८, ३१२, ३७६, ४७२, ५६८ असे येतात. रिकाम्या यादीचे ५६ वजा करून ८ ने भागलं की कॅपॅसिटी मिळते: ४, ८, १६, २४, ३२, ४०, ५२, ६४. मधे १६ ते ४० आठची पायरी दिसते, तिथेच लोक फसतात. पुढे पायरी बाराची होते आणि वाढतच जाते, कारण सूत्रात आकाराचा एक अष्टमांश मिळवलेला आहे. वाढीचं प्रमाण लहान, म्हणून हलवाहलव दुप्पटपेक्षा जास्त वेळा, पण मेमरी कमी अडकते. घटकागणिक खर्चाचा आकडा वाढतो, तरी तो यादी कितीही मोठी झाली तरी ठराविकच राहतो.

शेवटी एक मर्यादा, कारण ती कुणी सांगत नाही. हमी एकूण कामाची आहे, एकेका अपेंडची नाही. एक कोटी घटक असताना जे अपेंड जागा संपल्यावर येतं, ते खरोखर एक कोटी घटक हलवतं आणि तेवढा वेळ तुमचा प्रोग्राम तिथेच थांबतो. फाइल वाचताना याने काही बिघडत नाही. पण आवाज वाजवणाऱ्या कोडमध्ये बफर वेळेत भरला नाही तर कानाला 'टक्' असा खटका ऐकू येतो, आणि तिथे एकूण हिशेब स्वस्त होता हे सांगून उपयोग नसतो. अशा ठिकाणी किती घटक येणार याचा अंदाज घेऊन `reserve` करायचा. लूपच्या बाहेर, एकदाच.

जावाच्या `ArrayList` मधून घटक काढले तर जागा परत मिळते का, असंही बऱ्याच जणांनी विचारलंय. आपोआप नाही मिळत, `trimToSize()` स्वतः बोलवावं लागतं. आणि भरलेली जागा निम्मी होताच कॅपॅसिटी निम्मी करायची, असा नियम कुणी स्वतःच्या कोडमध्ये लिहिला तर त्या सीमेवर एक टाका, एक काढा केल्यावर काय होतं, ते वहीवर १६ आणि १७ घेऊन करून बघा. उत्तरं कमेंटमध्ये लिहा, मी सगळी वाचते.