पुश कुठे संपतो, पुल कुठे सुरू होतो

'पुश आणि पुल यांतील फरक उदाहरणांसह लिहा' असा प्रश्न आला की तुम्ही पानावर उभी रेघ मारता. डावीकडे अंदाजावर उत्पादन, उजवीकडे मागणीवर उत्पादन. हे चूक नाही, पण अपुरं आहे. निव्वळ पुश किंवा निव्वळ पुल अशी पुरवठा साखळी क्वचितच सापडते. बहुतेक ठिकाणी सुरुवातीचा भाग अंदाजावर चालतो आणि शेवटचा ऑर्डरवर. ती सीमा कुठे पडते आणि का, हे उत्तरात यायला हवं.

आपल्या नागपूरचा कूलरच घ्या. समजा, एका कारखानदाराला मोटर मागवायला 30 दिवस लागतात, पत्रा कापून बॉडी करायला 4 दिवस आणि जोडणीला 1 दिवस. गिऱ्हाईक मात्र उन्हाळ्यात 2 दिवसांपेक्षा जास्त थांबत नाही. म्हणजे या 2 दिवसांत जे बसत नाही, ते आधीच तयार हवं. मोटर आणि बॉडी जानेवारी-फेब्रुवारीतच अंदाजावर भरायची, हा पुश. जोडणी ऑर्डर आल्यावर करायची, हा पुल. सीमा ठरवते ती गिऱ्हाइकाची थांबायची तयारी.

आता यात फायदा काय? समजा, बॉडीचे 3 आकार, मोटरचे 2 प्रकार आणि पॅडचे 2 प्रकार, वुडवूल आणि हनीकोंब. यातून 12 तऱ्हांचे कूलर होतात. तयार कूलर साठवायचे तर 12 अंदाज बांधावे लागतात; सुटे भाग साठवले तर 7 पुरतात. शिवाय एकच मोटर 6 तऱ्हांमध्ये चालते. एक तऱ्हा कमी खपली आणि दुसरी जास्त, तरी मोटर वाया जात नाही. चुका एकमेकींना भरून काढतात. म्हणून एकत्रित अंदाज सुट्या अंदाजांपेक्षा भरवशाचा असतो. हे वाक्य उत्तरात जरूर लिहा. रंगाच्या दुकानातही हेच चालतं: पांढरा बेस साठ्यात असतो, छटा गिऱ्हाइकासमोर मिसळतात.

पण मर्यादाही लिहा, ती सहसा कोणी लिहीत नाही. नवतपा लागला की सगळं शहर एकाच आठवड्यात कूलर मागतं. कारागिरांची ताकद दिवसाला 10 कूलरची आणि ऑर्डरी 40. गोदामात मोटरी पडून आहेत, बॉडीही आहेत, तरी गिऱ्हाईक परत जातं. अशा वेळी सीमा पुढे सरकवावी लागते. हमखास खपणारी एक-दोन मॉडेलं मार्च-एप्रिलच्या रिकाम्या दिवसांतच पूर्ण जोडून ठेवायची आणि बाकीच्या तऱ्हा ऑर्डरवरच ठेवायच्या.

सीमा चुकली हे ओळखायचं कसं? भाग शिल्लक असताना गिऱ्हाईक परत जात असेल, तर जोडणी फार उशिरा सुरू होते आहे. जूनमध्ये पाऊस लागल्यावर तयार कूलर गोदामात उरले आणि त्यांत अडकलेला पैसा पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मोकळा होणार नसेल, तर जोडणी फार लवकर झाली.