डायलिसिसच्या बाहेरची गोष्ट

मित्रांनो, आज एक गोष्ट सांगतो, आणि सांगता सांगता थांबून ती तशी का आहे तेही बोलतो. गोष्ट मनातली आहे पण जागा खरी आहे, कारण माझ्या आईचं डायलिसिस चालू असताना मी अशाच बाकावर बसायचो.

सोलापूरकडचं एक हॉस्पिटल घ्या. डायलिसिसला पेशंट आत गेला की साधारण चार तास मशीनवर, आणि नातेवाईक बाहेर. बहुतेकांना आठवड्यातून दोनदा-तीनदा यावं लागतं, त्यामुळे बाकावर तेच चेहरे दिसतात, तरी कुणी कुणाशी पटकन बोलत नाही. साठीचे एक काका आहेत, सांगोल्याकडचे, बायको आत आहे, दोन वर्षं झाली. त्यांच्या शेजारी पंचविशीची एक मुलगी, वडिलांना घेऊन आलीये, दुसरीच वेळ.

काका विचारतात, "वजन किती जास्त भरलं?"

ती मोबाईलमधून मान वर न काढता म्हणते, "साडेतीन किलो." आणि संपलं. आता नवीन लिहिणारे इथेच घाई करतात, लगेच तिला रडवतात, मन मोकळं करायला लावतात. तसं होत नाही हो. वजनाचा प्रश्न तिथे सगळेच विचारतात, कारण किडनी लघवी करत नाही, मग दोन डायलिसिसच्या मधे प्यालेलं पाणी अंगातच राहतं आणि काट्यावर दिसतं. त्यात जवळीक काहीच नाही.

अर्ध्या तासाने आतून ओरडल्याचा आवाज येतो, तिच्या वडिलांचा. ती ताडकन उठते. काका बसल्या जागेवरून म्हणतात, "पायात गोळा आला असंल. साडेतीन किलो पाणी चार तासात वडायचं म्हटल्यावर येतो. सिस्टर मशीन कमी करतील, बसा." थोड्या वेळाने आवाज थांबतो. ती बसते, पण मघाच्यापेक्षा जरा अलीकडे. मला ही जागा फार महत्त्वाची वाटते, ती त्यांना थँक्यू म्हणत नाही, पण त्यांचं म्हणणं बरोबर निघालं हे तिने पाहिलंय.

मग ती पिशवीतून शहाळ्याच्या पाण्याची बाटली काढते, बाबा बाहेर आले की द्यायला. काका बघतात, गप्प बसतात, परत बघतात आणि न राहवून म्हणतात, "ते देऊ नका."

"आजारी माणसाला शहाळंच देतात सगळे."

"ह्यात नाही चालत. पोटॅशियम असतं त्यात, किडनी ते बाहेर टाकत नाही, हार्टवर येतं. मी बी दिलं होतं सुरुवातीला. रात्री पळवत आणलं हिला, ठोके वेडेवाकडे पडाय लागलेले."

ती बाटली हातात धरून बसते, आणि पहिल्यांदा आपणहून विचारते, "मग काय देऊ?" इथून पुढे दोघं खरं बोलायला लागतात, पण बोलतात कशाबद्दल, तर बटाटा बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळायचा आणि ते पाणी फेकायचं. वडिलांच्या मानेत तात्पुरती नळी आहे, ती ओली होऊ द्यायची नाही, थंडी वाजून ताप आला तर सकाळची वाट बघायची नाही. मशीनच्या सुया टोचायला हातावर फिस्टुला करून घ्या म्हणतात काका, शीर आणि धमनी जोडतात, तयार व्हायला दीड-दोन महिने लागतात, आणि मग रोज त्यावर बोट लावून वाहत्या रक्ताची भुणभुण लागते का बघायचं, थांबली की तडक इथे यायचं.

हे सांगताना काका मधेच बोलून जातात, "हिचा हात मीच बघतो रोज सकाळी. आधी कधी हात बी धरला नव्हता, पोरंबाळं झाली तरी."

मुलगी काही बोलत नाही. मग म्हणते, "बाबा माझ्याशी बोलत नाहीयेत. माझ्या लग्नाला ठेवलेले पैसे ह्यात चाललेत म्हणून."

बघा, एवढं मोठं दुःख ती एका ओळीत सांगते, आणि त्यावर काका सांत्वन करत नाहीत, विचारतात, "महात्मा फुले योजनेत नाव घातलं का? खाली आरोग्यमित्र बसतो. रेशनकार्ड, आधारकार्ड घेऊन जा, आत्ताच जा, जेवायला उठंल तो."

कितीतरी वेळा मी पाहिलंय, तिथे माया अशीच बाहेर येते, कागदपत्रांच्या रूपाने. म्हणून गोष्टीतही मी काकांना दुसरं वाक्य देणार नाही.

ती उठते, शहाळ्याची बाटली काकांकडे देते, दोन पावलं जाऊन परत येते. "काका, बाबा बाहेर आले तर सांगा मी खाली गेलीये. पण तुम्ही कोण म्हणून विचारतील."

"सांगतो की, शेजारच्या मशीनवाल्या बाईचा मालक."