अक्षराच्या आधी कान

नमस्कार, श्रोतेहो. वाचनात अडखळणाऱ्या मुलांना मी शिकवते. आज बोलायचं आहे डिस्लेक्सियाबद्दल, आणि तेही मुलाच्या हातात पाटी-पेन्सिल येण्याच्या आधीच्या काळापासून.

आधी एक समजूत बाजूला ठेवू या. डिस्लेक्सिया म्हणजे मुलाला अक्षरं उलटी दिसतात, असं बरेच पालक धरून चालतात आणि आधी चष्म्याच्या दुकानात जातात. घ आणि ध, भ आणि म यांत गोंधळ पहिलीच्या जवळजवळ सगळ्याच मुलांचा होतो आणि सरावाने जातो. डोळे तपासून घ्यावेतच, पण डिस्लेक्सियाचं मूळ बहुतेक वेळा डोळ्यांत नसतं. बोललेल्या शब्दाचे आवाज सुटे करणं, ते लक्षात धरणं आणि झटकन आठवणं मुलाला जड जातं. मूल हुशार असूनही हे होतं. म्हणूनच पहिल्या खुणा वहीत दिसत नाहीत, बोलण्यात दिसतात.

माझ्याकडे साडेचार वर्षांचा एक मुलगा आला होता, त्याला आपण सोहम म्हणू. गप्पिष्ट पोरगा. शेतातल्या विहिरीत कासव कसं सापडलं ते त्याने मला हातवारे करून सांगितलं. पण पिशवीला तो 'शिपवी' म्हणायचा. डाव समोर दिसत असूनही नाव सुचेना, तेव्हा म्हणाला, "ते गं, आमटी वाढायचं." लाल मण्याशेजारी लाल मणी बरोबर ठेवायचा, पण "हा कुठला रंग?" विचारलं की गप्प. 'भात'सारखा वाजणारा शब्द सांग म्हटल्यावर म्हणाला, "वरण." अर्थ पक्का होता, पण भात, हात, दात यांचा सारखा आवाज त्याच्या कानाला सापडत नव्हता.

तीन-साडेतीन वर्षांच्या मुलाने 'शिपवी' म्हणणं स्वाभाविक आहे. अशी एखादी खूण एकटी दिसली तर घाबरू नका. बोलायला उशीर, शब्दांतल्या आवाजांची अदलाबदल, ओळखीच्या वस्तूंची नावं न आठवणं, यमक न कळणं, हे सगळं एकत्र पाच वर्षांच्या आसपासही टिकून राहिलं, तर लक्ष द्या. आणि मी एक प्रश्न नेहमी विचारते: घरात आणखी कुणाला वाचायला त्रास व्हायचा का? सोहमचे वडील बराच वेळ खाली बघत होते. मग म्हणाले, "बाई, मला पेपर वाचायला अजून वेळ लागतो. नववीत शाळा सोडली ती त्याच पायी." डिस्लेक्सिया घराण्यात उतरतो, त्यामुळे या उत्तराला मी फार वजन देते.

सोहमला मी आधी कान तपासायला पाठवलं. सर्दीने कानात पाणी साचून ऐकू कमी आलं, तरी मूल शब्द असेच मोडकेतोडके बोलतं. कान ठीक निघाले. तरीही त्या वयात मी डिस्लेक्सियाचा शिक्का मारला नाही. ज्याला वाचायला शिकवलंच नाही, त्याला वाचता येत नाही असं कसं म्हणणार? धोका दिसतो, एवढंच म्हणता येतं. आणि मदत सुरू करायला तेवढं पुरतं.

शाळेआधीची मदत म्हणजे आवाजांचा खेळ. सोहमच्या आईला मी मूठभर चिंचोके दिले. 'बादली' म्हणायचं आणि प्रत्येक तुकड्याला एक चिंचोका पुढे सरकवायचा: बा, द, ली. मग शेवटचा चिंचोका उचलायचा आणि विचारायचं, "आता काय उरलं?" सोहमने पहिल्यांदा उत्तर दिलं, "पाणी." हे जमायला त्याला दोन महिने लागले. पुढे यमक, मग पहिला आवाज ओळखणं: काकडी, कावळा, मासा, यात वेगळा कोण? रोज दहा मिनिटं, भाजी निवडताना किंवा अंघोळीच्या वेळी. लिहिणं अजिबात नाही. या वयात अक्षरं गिरवायला बसवून रडवलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांना वाचन तर येत नाहीच, वर पुस्तक पाहिलं की पोटात दुखायला लागतं.

पहिलीत गेल्यावर मदतीचा रंग बदलतो. इथे पालकांची आणि शिक्षकांचीही गफलत होते: खेळाने फरक पडला होता, तेच चालू ठेवू, असं त्यांना वाटतं. आता नुसते आवाजाचे खेळ पुरत नाहीत. आवाज अक्षराला बांधावा लागतो, क्रमाने आणि उघड करून सांगत. इतर मुलं बाराखडी घोकून मात्रेचं गणित आपोआप उचलतात, या मुलाला ते फोडून दाखवावं लागतं.

आपल्या लिपीत एक अडचण आहे. 'किटली' लिहिताना पहिली वेलांटी क च्या आधी काढतो, पण म्हणताना 'इ' नंतर येते. 'सर्प'मध्ये र् चा आवाज प च्या आधी आहे, पण रफार बसतो प च्या डोक्यावर. सोहम 'किटली' ला 'कटली' वाचायचा आणि श्रुतलेखनात रफार स वर द्यायचा. शंभरदा लिहून आण, ही शिक्षा त्याला वर्गात झाली होती. चूक शंभरदा गिरवली गेली, बाकी काही झालं नाही. आम्ही पंधरा दिवस एकच वेलांटी घेतली. ताटातल्या रव्यावर बोटाने काढायची, काढताना आवाज मोठ्याने म्हणायचा: क, इ, कि. मग फक्त काना आणि वेलांटीचे शब्द असलेली छोटी वाक्यं वाचायची. ती पक्की झाल्यावरच पुढची मात्रा. जोडाक्षरं आणि रफार सगळ्यात शेवटी. आठवड्यातून चार दिवस, अर्धा तास, आणि चुकांची नोंद वहीत.

अशा मदतीनंतरही प्रगती मंद राहिली, तर निदानाची वेळ येते. मूल इंग्रजी माध्यमात असेल तर घरच्या भाषेतलं वाचनही तपासायला सांगा. फक्त इंग्रजीतच अडत असेल, तर कदाचित इंग्रजी कानावर कमी पडल्याचा तो परिणाम असेल. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता धरलेली आहे आणि डिस्लेक्सिया तिच्यातच मोडतो, त्यामुळे प्रमाणपत्र मिळाल्यावर परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळू शकतात. पण हे प्रमाणपत्र साधारण आठव्या वर्षाच्या सुमाराचं, आणि "आठ वर्षांचा झाला की बघू" हे वाक्य ऐकलं की मला फार वाईट वाटतं. आठ वर्षं ही कागदाची अट आहे. शिकवायला कागद लागत नाही.

सोहम आता चौथीत आहे. वाचतो बरोबर, पण सावकाश. मराठीत हे नेहमी दिसतं: लिपी आवाजाला बरीच धरून असल्याने चुका कमी होतात, वेग मात्र मागे राहतो. "आता येतंय की वाचायला" म्हणून त्याची मदत थांबवू नका, असं मी त्याच्या वर्गशिक्षिकेला सांगितलं आहे. एकच उतारा तो तीन दिवस वाचतो, आणि इतिहासाचा धडा आई त्याला वाचून दाखवते, म्हणजे वाचन मंद म्हणून माहिती अडत नाही. गेल्या महिन्यात वडील त्याच्या धाकट्या बहिणीला घेऊन आले. ती चार वर्षांची आहे, अजून शाळेत जात नाही. चिंचोके त्यांनी स्वतःच खिशातून काढले.

नमस्कार.